सणाच्या ऑफरने खरी विक्री वाढली का? चाचणी आणि नियंत्रण दुकानांच्या तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाचणी आणि नियंत्रण दुकानांची तुलना म्हणजे नेमके काय?

ज्या दुकानांत ऑफर दिली जाते ती चाचणी दुकाने, आणि ज्यांत त्याच काळात जाणीवपूर्वक ऑफर दिली जात नाही ती नियंत्रण दुकाने. सण दोन्हीकडे सारखाच असतो आणि गर्दीही दोन्हीकडे वाढते. फरक असतो तो फक्त ऑफरचा. त्यामुळे सणात नियंत्रण दुकानांची विक्री जितकी वाढली, तितकी ती चाचणी दुकानांतही ऑफरशिवाय वाढली असती असे मानून, त्याच्या वर जे उरते ते ऑफरचे श्रेय धरले जाते. या उरलेल्या भागाला वाढीव विक्री म्हणतात, आणि ऑफरशिवाय अपेक्षित असलेल्या विक्रीच्या तुलनेत तो किती टक्के आहे, याला लिफ्ट.

सगळी पद्धत वरच्या एका गृहीतकावर उभी आहे. दोन्ही गटांना सण सारखाच मानवला असता, हे ते गृहीतक. या पानावरील बहुतेक प्रश्न फिरून तिथेच येतात.

सणातली विक्री आधीच्या महिन्याशी किंवा गेल्या वर्षीच्या सणाशी ताडून पाहिली तर चालणार नाही का?

आधीच्या महिन्याशी तुलना केली, तर सणाची स्वतःची वाढही ऑफरच्या खात्यात जमा होते. ही चूक इतकी उघड आहे की ती कोणी करणार नाही असे वाटते, पण ऑफर संपल्यावर फिरणाऱ्या अहवालांत ती सर्रास दिसते.

गेल्या वर्षीशी केलेली तुलना जास्त विश्वासार्ह वाटते, पण तिच्यातही दोन अडचणी आहेत. अनेक सण चांद्र कालगणनेनुसार येतात, त्यामुळे त्यांची इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. एका वर्षी सणाच्या आधीचे शेवटचे चार दिवस महिन्याच्या सुरुवातीला, पगार नुकतेच झालेले असताना येतात, तर दुसऱ्या वर्षी महिनाअखेरीस. वार बदलतो, हवामान बदलते, स्पर्धकाची ऑफर बदलते. दुसरी अडचण अशी की वर्षभरात किमती, दुकानातील मांडणी आणि ग्राहकवर्ग यांत जे बदल झाले, त्यांचा परिणाम ऑफरपासून वेगळा काढता येत नाही. त्याच वर्षीची, त्याच आठवड्यांतली नियंत्रण दुकाने हे सगळे आपोआप सामावून घेतात, कारण त्यांनीही तेच आठवडे अनुभवलेले असतात.

गेल्या वर्षीचा डेटा निरुपयोगी नाही. त्याचा खरा उपयोग नियंत्रण दुकाने निवडताना होतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, आणि तेव्हा तो इंग्रजी तारखेने न जुळवता सणाला किती दिवस उरले यानुसार जुळवावा.

प्रत्यक्ष हिशेब कसा मांडतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच पुढे नेऊ. घरगुती वापराच्या एका वस्तूवर सणाच्या दोन आठवड्यांत १० टक्के सूट आहे. २० चाचणी दुकाने आणि २० नियंत्रण दुकाने आहेत. ऑफरच्या आधीच्या आठ साध्या आठवड्यांत चाचणी दुकानांची सरासरी विक्री दर दुकानी आठवड्याला ४०० नग, आणि नियंत्रण दुकानांची ३८० नग होती. सणाच्या दोन आठवड्यांत चाचणी दुकानांत दर आठवड्याला सरासरी ६२० नग विकले गेले, तर नियंत्रण दुकानांत ४९४.

फक्त चाचणी दुकाने पाहिली तर ४०० वरून ६२०, म्हणजे ५५ टक्के वाढ, आणि बहुधा हाच आकडा सादरीकरणात झळकतो. पण ऑफर नसलेली दुकानेसुद्धा ३८० वरून ४९४ वर, म्हणजे १.३० पट गेली आहेत. तेव्हा चाचणी दुकानांची ऑफरशिवाय अपेक्षित विक्री अशी निघते:

```
अपेक्षित विक्री = ४०० × (४९४ ÷ ३८०) = ५२०
वाढीव विक्री    = ६२० − ५२० = १००
लिफ्ट           = १०० ÷ ५२० = १९.२ टक्के
```

आठवड्याला २२० नगांची जी वाढ दिसत होती, तिच्यातले १२० नग सणाने आणले आणि १०० ऑफरने. दोन आठवड्यांचे मिळून दर दुकानी २०० वाढीव नग झाले. हा आकडा अजून कच्चा आहे. पुढे त्यातून बरीच वजावट होणार आहे.

वाढ पटीत मोजावी की नगांत?

नियंत्रण दुकानांची ११४ नगांची वाढ तशीच उचलून ४०० मध्ये मिळवली, तर अपेक्षित विक्री ५१४ येते आणि वाढीव विक्री १०६. दोन गटांची मूळ विक्री जवळपास सारखी असेल तर दोन्ही पद्धतींत फार अंतर पडत नाही. ती बरीच वेगळी असेल तर पट वापरावी, कारण सणाची गर्दी मोठ्या दुकानात जास्त नगांची आणि लहान दुकानात कमी नगांची भर घालते. दोन्ही उत्तरांत मोठी तफावत दिसली, तर पद्धतीवर वाद घालण्यापेक्षा दुकानांची जुळणीच चुकली आहे का, ते आधी पाहावे.

नियंत्रण दुकाने कोणत्या निकषांवर निवडावीत?

सहसा विक्री, दुकानाचे क्षेत्रफळ, शहराचा आकार, आणि साध्या आठवड्यांतला विक्रीचा चढउतार एवढे पाहून दुकाने जुळवली जातात. साध्या दिवसांतल्या ऑफरसाठी एवढे बहुधा पुरते. सणाच्या ऑफरसाठी मात्र ते पुरत नाही, आणि या कामातल्या सर्वांत महागड्या चुका माझ्या मते इथेच होतात.

कारण असे की साध्या आठवड्यांत तंतोतंत सारखी चालणारी दोन दुकाने सणात अगदी वेगळी वागू शकतात. कार्यालयीन भागातले दुकान वर्षभर उत्तम विक्री करते, पण सणाच्या सुट्टीत तिथली वर्दळच थांबते. निवासी भागातल्या दुकानाची साप्ताहिक विक्री एरवी तेवढीच असली, तरी सणाच्या आधीच्या आठवड्यात तिथे दीडपट बिले फाटतात. जिथले रहिवासी सणाला आपापल्या गावी जातात तिथले दुकान रिकामे होते, आणि ते जिथे परत जातात तिथले भरते. अशी दुकाने एकमेकांचा नियंत्रण गट म्हणून धरली, तर आपण ऑफरचा परिणाम मोजत नसून वस्तीचा स्वभाव मोजत असतो.

म्हणून प्रत्येक दुकानासाठी एक साधा आकडा काढून ठेवावा: गेल्या सणाच्या दोन आठवड्यांतली सरासरी साप्ताहिक विक्री, भागिले त्याआधीच्या आठ साध्या आठवड्यांची सरासरी. याला दुकानाची सणउडी म्हणू. ज्या वर्षी त्या वस्तूवर कुठेच ऑफर नव्हती, असे वर्ष यासाठी लागते. तसे वर्ष सापडले नाही, तर ऑफर नसलेल्या जवळच्या वस्तूवरून किंवा दुकानाच्या एकूण बिलसंख्येवरून उडी काढावी. मग साधी विक्री आणि सणउडी या दोन्ही बाबतींत एकमेकांच्या जवळ असलेल्या दुकानांच्या जोड्या लावाव्यात. बाकीचे निकष जुळले तर उत्तम, पण त्यांच्यासाठी या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. उडी न जुळलेली बारा दुकाने वाढवून गट मोठा करण्यापेक्षा ती सोडून दिलेली बरी.

जोड्या लागल्यावर प्रत्येक जोडीतले कोणते दुकान चाचणीत जाईल हे नाणेफेकीने ठरवावे. विभागप्रमुखाला विचारले, तर तो भरवशाचे, उत्साही व्यवस्थापकाचे दुकान पुढे करतो. याउलट कधीकधी गेल्या महिन्यात विक्री पडलेली दुकाने आधार द्यायचा म्हणून ऑफरसाठी निवडली जातात. त्यांतली बरीच दुकाने काही न करताही आपल्या नेहमीच्या पातळीवर परत आली असती, आणि ती भर ऑफरच्या नावावर चढते.

जुळणी बरोबर झाली आहे हे ऑफर सुरू होण्याआधी कसे ओळखावे?

गेल्या वर्षीच्या सणावर लटकी चाचणी घ्यावी. तेव्हा दोन्ही गटांत ऑफर नव्हती. तरीही यंदाच्या चाचणी दुकानांना चाचणी आणि नियंत्रण दुकानांना नियंत्रण मानून वरचाच हिशेब गेल्या वर्षीच्या आकड्यांवर करावा. उत्तर शून्याच्या आसपास यायला हवे, कारण मोजण्यासारखे काही घडलेलेच नव्हते.

समजा आपल्या उदाहरणात गेल्या सणाला चाचणी दुकाने १.४० पट आणि नियंत्रण दुकाने १.३० पट गेली होती असे आढळले. म्हणजे ऑफर नसतानाच जवळपास ८ टक्के लिफ्ट दिसते. अशा वेळी यंदाची १९ टक्के लिफ्ट जशीच्या तशी घेता येणार नाही, १.१९२ ला १.०७७ ने भागले तर १.१०७ येते, म्हणजे ऑफरच्या वाट्याला सुमारे ११ टक्केच उरतात. हे भागून काढणे ही मलमपट्टी आहे. लटकी चाचणी ऑफरच्या आधी घेतली असेल, तर जोड्या पुन्हा लावणे हाच योग्य उपाय, आणि म्हणूनच ती आधी घ्यायची असते. पुढील हिशेबासाठी ही तपासणी समाधानकारक झाली आणि १९ टक्के कायम राहिले, असे धरू.

किती दुकाने पुरतात?

हे जोड्यांमधल्या विखुरण्यावर अवलंबून आहे. प्रत्येक जोडीची लिफ्ट वेगळी काढली तर काही जोड्यांत ती ४० टक्के येते, काहींत उणे १० येते. आपल्या उदाहरणात या २० लिफ्टची सरासरी १९ आणि प्रमाण विचलन १७ टक्के बिंदू आहे असे धरू. सरासरीची प्रमाण त्रुटी १७ भागिले २० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.८ येते, आणि खरी लिफ्ट ज्याच्या आत असावी असा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा साधारण ११ ते २७ टक्के निघतो. ऑफरने विक्री वाढवली हे इथे ठामपणे म्हणता येते. नेमकी १९ टक्केच वाढवली असे मात्र म्हणता येत नाही.

तेवढ्याच विखुरण्यात जर पाचच जोड्या असत्या, तर पट्टा उणे २ ते ४० टक्के इतका पसरला असता. सरासरी तीच १९, पण तिच्यावरून काहीही सिद्ध झाले नसते. ऑफर ठरवतानाच हा हिशेब गेल्या वर्षीच्या विखुरण्यावरून करून ठेवावा, आणि जी लिफ्ट आपल्याला व्यवहारात उपयोगी ठरेल तिच्यापेक्षा पट्टा बराच अरुंद येईल इतक्या जोड्या घ्याव्यात.

इथे एक सूचना. दुकानातली हजारो बिले ही हजारो स्वतंत्र निरीक्षणे नाहीत. ऑफर दुकानाला दिली आहे, बिलाला नाही. त्यामुळे मोजणीचे एकक दुकान किंवा जोडी हेच राहते. बिले मोजून काढलेला पट्टा फसवा अरुंद येतो.

नियंत्रण दुकानांवरच ऑफरचा परिणाम झाला तर?

असे होते, आणि बहुतेक वेळा ते लिफ्ट फुगवते. जवळच्या दुकानात सूट आहे असे कळल्यावर ग्राहक नियंत्रण दुकान सोडून तिकडे जातो. कंपनीच्या दृष्टीने काहीच वाढलेले नसते, पण चाचणी दुकानाची बाजू एका नगाने वर जाते आणि नियंत्रण दुकानाची एका नगाने खाली, म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडतो. आपल्या उदाहरणात दर दुकानी आठवड्याला केवळ १० नग असे सरकले असतील, तर ते परत जागेवर ठेवल्यावर चाचणीची विक्री ६१०, नियंत्रणाची ५०४ होते, आणि लिफ्ट १९ वरून १५ टक्क्यांवर येते.

उपाय म्हणजे जोडीतली दुकाने एकाच ग्राहकाच्या आवाक्यात नसावीत. सदस्यत्व कार्डाचा डेटा असेल तर एरवी नियंत्रण दुकानात खरेदी करणारे किती ग्राहक ऑफरच्या काळात चाचणी दुकानात दिसले, हे थेट मोजता येते.

याहून कमी लक्षात येणारा प्रकार गोदामातून घडतो. चाचणी दुकानात माल संपत आला की पुरवठा विभाग शेजारच्या नियंत्रण दुकानातला माल उचलून तिकडे पाठवतो. त्यांचे काम त्यांनी चोख केलेले असते, पण आता नियंत्रण दुकानाचे शेल्फ रिकामे आहे, तिथली विक्री पडली आहे, आणि आपला हिशेब त्या पडझडीला ऑफरचे यश समजतो. ऑफरच्या काळातल्या दुकाना-दुकानांतील माल हस्तांतराच्या नोंदी मागवून पाहिल्याशिवाय अहवाल पूर्ण करू नये. खरे तर पुरवठा विभागाला आधीच सांगून ठेवावे की या वस्तूचा साठा या दोन आठवड्यांत दुकाना-दुकानांत हलवायचा नाही.

ऑफरच्या काळात माल संपला तर हिशेबात काय करावे?

आधी तो संपला होता हे शोधावे लागते, कारण विक्रीच्या आकड्यात ते लिहिलेले नसते. दिवसाची एकूण विक्री फक्त थोडी कमी दिसते. तासावार बिले उघडली की चित्र स्पष्ट होते: सकाळी १० पासून दुपारी ४ पर्यंत दर तासाला आठ-दहा नग, आणि ४ नंतर त्या वस्तूचे एकही बिल नाही, जेव्हा त्याच दुकानाची इतर वस्तूंची बिले संध्याकाळी ६ ते ८ दरम्यान दिवसातली सर्वांत जास्त आहेत. ही वस्तू ४ वाजता संपली. दिवसअखेरच्या साठ्याच्या नोंदीत शून्य दिसले तर खात्री पटते. पण नोंदीत दोन-चार नग शिल्लक दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. ते फुटलेले, हरवलेले किंवा मागच्या खोलीत पडून असलेले नग असतात.

चाचणी दुकानात माल संपला तर लिफ्ट खऱ्यापेक्षा कमी दिसते, नियंत्रण दुकानात संपला तर जास्त. असा दिवस फक्त एका दुकानातून काढू नये, तर जोडीतल्या दोन्ही दुकानांतून काढावा, नाहीतर एका बाजूला सणाचे सर्वांत मोठे दिवस गाळले जातात आणि दुसऱ्या बाजूला राहतात. गाळलेल्या दिवसांमुळे जोडीचा निम्म्याहून जास्त काळ गेला, तर ती जोडीच सोडून द्यावी. आणि किती जोड्या का सोडल्या, हे अहवालात लिहावे.

एखाद्या दुकानात अचानक खूप मोठी विक्री दिसली तर?

त्या दुकानातली सर्वांत मोठी दहा बिले पाहावीत. सूट मिळते म्हणून लहान व्यापारी शे-दोनशे नग एकदम उचलतात आणि आपल्या दुकानातून विकतात. ही विक्री खरी असली तरी तिचा ग्राहक दुसराच असतो. बिलामागे नगांची मर्यादा आधीच घालणे सोपे पडते. मर्यादा नसेल, तर निकाल मोठ्या बिलांसह आणि त्यांच्याशिवाय असा दोन्ही प्रकारे द्यावा.

काही चाचणी दुकानांत ऑफर नीट राबवलीच गेली नाही. ती वगळावीत का?

मुख्य निकालातून वगळू नयेत. बिलिंग प्रणालीत सूट तिसऱ्या दिवशी चढली, किंवा किमतीची पट्टी लागली पण फलक कोपऱ्यात राहिला, असे काही दुकानांत होणारच, आणि ऑफर सर्वत्र नेली तरी तसेच होणार. जी दुकाने गचाळ काम करतात ती बहुतेक वेळा इतर बाबतींतही मागे असतात. फक्त त्यांना काढले आणि त्यांच्या जोडीदारांना ठेवले, तर तुलनाच तिरकी होते.

तरीही ऑफर नीट राबवली गेल्यास ती किती काम करते, हे जाणण्यात अर्थ आहे. त्यासाठी नीट राबवलेल्या जोड्यांचा आकडा स्वतंत्रपणे, तसे स्पष्ट लिहून द्यावा. मुख्य आकडा सगळ्या दुकानांचा.

ऑफर संपल्यावर किती आठवडे मोजत राहावे?

ग्राहक ती वस्तू साधारण जितक्या दिवसांनी पुन्हा घेतो, निदान तेवढे दिवस, आणि शक्य असल्यास त्याच्या दुप्पट. सूट आहे म्हणून दोन महिन्यांचा साठा करून ठेवणारा ग्राहक पुढचे काही आठवडे दुकानात फिरकत नाही. त्याची पुढची खरेदी फक्त आधी झालेली असते. ती वाढीव विक्री नव्हे.

सणानंतर सगळीकडेच विक्री ओसरते, म्हणून ही घटही नियंत्रण दुकानांशीच ताडून पाहावी लागते. आपल्या उदाहरणात सणानंतरच्या पहिल्या आठवड्यात नियंत्रण दुकाने ३८० वरून ३४२ वर, म्हणजे ०.९० पट आली. त्या हिशेबाने चाचणी दुकानांत ३६० नग अपेक्षित होते, विकले गेले ३२०. दुसऱ्या आठवड्यात नियंत्रण ३६१, चाचणीत अपेक्षित ३८०, प्रत्यक्षात ३६०. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गट मूळ पातळीवर परतले. म्हणजे ऑफरने जे २०० नग वाढवले, त्यांतले ६० पुढच्या दोन आठवड्यांतून उसने आणलेले होते. निव्वळ १४० उरले. मोजणी ऑफरच्या शेवटच्या दिवशी थांबवली असती, तर हे कधीच दिसले नसते.

सूट दिलेल्या वस्तूने दुकानातल्याच दुसऱ्या वस्तूंची विक्री खाल्ली का, हे कसे पाहावे?

तोच हिशेब शेजारच्या वस्तूंवर करून. त्याच प्रकारातली, तेच काम करणारी दुसरी वस्तू चाचणी दुकानांत, नियंत्रण दुकानांच्या पटीनुसार, आठवड्याला ३०० नग विकली जायला हवी होती आणि २७५ विकली गेली, तर आठवड्याला २५ आणि दोन आठवड्यांत ५० नग ग्राहकांनी फक्त एकीकडून दुसरीकडे वळवले. १४० मधून ५० गेले, ९० राहिले. अपेक्षित १,०४० नगांच्या तुलनेत ही वाढ ९ टक्क्यांच्याही किंचित खाली येते.

कोणत्या वस्तू तपासायच्या याची यादी ऑफरच्या आधीच करून ठेवावी. निकाल पाहून यादी ठरवली, तर मनासारखे उत्तर देणारी वस्तू नेहमी सापडते. ऑफरमुळे सोबतच्या वस्तू जास्त खपल्या, असा दावा असेल तर त्यालाही हाच नियम लागू.

लिफ्ट मिळाली, म्हणजे ऑफर फायद्याची ठरली का?

नाही, आणि सण असेल तर हे अंतर आणखी वाढते. सणात ग्राहक पूर्ण किमतीतही ती वस्तू घेणारच असतो. सूट मात्र त्या सगळ्यांना मिळते.

मूळ किंमत १०० आणि खरेदी खर्च ७० मानू. नगामागे नफा ३०; १० टक्के सूट दिल्यावर २० उरतो. ऑफरशिवाय दोन आठवड्यांत १,०४० नग विकून दर दुकानी ३१,२०० नफा झाला असता. ऑफरसह १,२४० नग विकले आणि नफा २४,८०० झाला, म्हणजे ६,४०० कमी. केवळ बरोबरी साधायला १,५६० नग विकावे लागले असते, म्हणजे ५० टक्के लिफ्ट. हा बरोबरीचा आकडा काढायला चाचणीची गरज नाही. सूट देण्याआधीच्या नगामागील नफ्याला सूट दिल्यानंतरच्या नफ्याने भागून एक वजा केले की झाले. ऑफर मंजूर करतानाच तो कागदावर असावा.

पुरवठादार सुटीतले ६ सोसत असेल तर नगामागे २६ उरतात आणि नफा ३२,२४० होतो, म्हणजे १,०४० जास्त. इथे बरेच अहवाल थांबतात. पण नंतरच्या घटीतले ६० नग पूर्ण नफ्याचे होते, त्यांचे १,८०० गेले, आणि शेजारच्या वस्तूचाही नगामागे नफा ३० असेल तर तिचे १,५०० गेले. शेवटी दर दुकानी २,२६० चा तोटा. पुरवठादाराच्या बाजूने हीच ऑफर कशी दिसेल, हा वेगळा हिशेब आहे, आणि दुसरी वस्तू स्पर्धक पुरवठादाराची असेल तर त्याचे उत्तर याच्या उलटही येऊ शकते.

लिफ्ट शून्याच्या आसपास आली, तर ऑफर निष्फळ ठरली असे लिहावे का?

पट्टा पाहून लिहावे. उणे २ ते अधिक ३ असा पट्टा असेल, तर परिणाम असलाच तरी नगण्य आहे असे म्हणता येते. उणे १५ ते अधिक १८ असा असेल, तर ऑफरविषयी काहीच कळले नाही, दुकाने कमी पडली, एवढेच खरे विधान उरते.

वरिष्ठांचा आग्रह आहे की ऑफर सगळ्या दुकानांत एकाच वेळी द्यायची. मग काय करता येईल?

नियंत्रण दुकाने नसतील तर हा हिशेब करता येत नाही. गेल्या वर्षांच्या विक्रीवरून काढलेला अंदाज ऑफरशिवाय अपेक्षित विक्री म्हणून वापरता येतो, पण यंदाचा सण एरवी कसा गेला असता हे त्याला ठाऊक नसते, आणि सणातली अनिश्चितता बहुधा मोजायच्या लिफ्टपेक्षा मोठी असते.

त्याआधी दोन पर्याय मांडून पाहावेत. पहिला, थोडीच दुकाने, निकड असेल तर दहा टक्केही, ऑफरबाहेर ठेवणे; त्यांची संख्या वरच्या पट्ट्याच्या हिशेबाने ठरवावी आणि ती नाणेफेकीने निवडावीत. दुसरा, निम्म्या दुकानांत ऑफर पहिल्या आठवड्यात आणि उरलेल्यांत दुसऱ्या आठवड्यात सुरू करणे. यात कोणतेही दुकान ऑफरला मुकत नाही, म्हणून याला मान्यता लवकर मिळते. पण त्यातून फक्त पहिल्या आठवड्याची स्वच्छ तुलना मिळते, सणाला जवळच्या आणि सर्वांत मोठ्या आठवड्याची मिळत नाही. शिवाय नंतरची घट दोन्ही गटांत एकमेकांवर चढल्यामुळे ती मोजणे अवघड होते. दोन्हींतला एकच मान्य होणार असेल, तर मी थोडी दुकाने बाहेर ठेवण्याचाच आग्रह धरेन.